बालाखाना

गुरुसिद्धप्पाच्या वाड्यात खोल्या सहा. तीन खाली, तीन वर. गुरुसिद्धप्पा माणूस सरळ, पण हिशेब त्याचा त्याच्यापुरता. खालच्या खोल्यांच्या चौकटींवर त्यानं एक, दोन, तीन असे आकडे रंगवून घेतले आणि वर जाऊन पुन्हा एक, दोन, तीन. चार, पाच, सहा का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "वरचे वर, खालचे खाली. जिना दिसत न्हाय व्हय?"

खालच्या तीन नंबरात कोंडीराम राहायचा. तो अर्जनवीस. कचेरीसमोरच्या लिंबाखाली चटई टाकून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचा. ती निजामाची कचेरी, तिथं उर्दूशिवाय पान हलत नसे. वाड्यातल्या कुणालाही अर्जावर पत्ता घालायचा झाला की पाय कोंडीरामाच्या उंबऱ्याकडे वळत. तो टाक दौतीत बुडवी आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणे, "मकान गुरुसिद्धप्पा, बालाखाना, कमरा नंबर दो, उस्मानाबाद." गावाला तोंडानं सगळे धाराशिव म्हणत, पण कागदावर उस्मानाबाद. आणि बालाखाना म्हणजे वरचा मजला. खालच्यांच्या पत्त्यात तो शब्द येत नसे, वरच्यांच्या पत्त्यात तो चुकत नसे. टपालवालाही तेवढंच बघायचा. बालाखाना असला तर जिना चढायचा, नसला तर खालीच हाक मारायचा. चुलीपाशी बसून बसून सीताबाईला, कोंडीरामाच्या बायकोला, अक्षर न ओळखताही सगळ्या वाड्याचे पत्ते पाठ झाले होते.

कोंडीरामानं स्वतःसाठी सरकारी नोकरीचे तीन अर्ज केले होते. तिन्हींचं उत्तर आलं नाही. त्याच्या हातच्या अर्जांवर लोक चपराशी झाले, कारकून झाले, एक तर पेशकार झाला, आणि हा आपला लिंबाखालीच. माणसाला आपलं दुःख सोसतं हो, शेजाऱ्याचं सुख सोसत नाही.

तो शेजारी म्हणजे बलभीम, बेंबळीचा. सातवी पास झालेला, वरच्या तीन नंबरात एकटाच राहणारा, अडतीच्या दुकानात वजनं लिहिणारा पोरगेला गडी. वर ऊन यायचं, वारा यायचा. खाली कोंडीरामाच्या भिंतींना बारा महिने ओल, आणि सीताबाईचा खोकला काही हटत नव्हता. त्यात बलभीम लाघवी. येता-जाता "वहिनी, घागर द्या, भरून आणतो," असं म्हणायचा. सीताबाई हसायची. ते हसणं कोंडीरामाच्या डोळ्यांत कुसळासारखं खुपायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, आपल्या कुठल्या बोलण्यावर ही अशी हसली, हे त्याला आठवता आठवत नव्हतं.

एका सकाळी बलभीम कागद घेऊन आला. "मुनशीदादा, मराठी शाळेत मास्तरांच्या जागा निघाल्यात. अर्ज लिहून द्या. तुमच्या हाताला यश हाय म्हणत्यात लोक."

"लोक काय, काहीबी म्हणत्यात," कोंडीराम म्हणाला. पण हाताला यश आहे हे खरंच होतं, दुसऱ्याच्या. आतून सीताबाई म्हणाली, "चांगला लिव्हा बरं का. मास्तर झाले की भावजींचं लगीन लावू."

कोंडीरामाच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी अर्ज त्यानं नेहमीसारखाच देखणा लिहिला. नाव, बापाचं नाव, इयत्ता, सगळं बिनचूक. शेवटी पत्ता आला. मकान गुरुसिद्धप्पा. इथं टाक थांबला, दौतीत बुडाला आणि वर आला तो थेट कमरा नंबर तीनवर. या वेळी कोंडीराम मोठ्यानं काही म्हणाला नाही. पुढं काय होईल याचा विचारही त्यानं केला नाही. पत्र भटकलं तर भटकू दे, एवढंच मनात होतं. आणि विचारलंच कुणी, तर चूक झाली म्हणता येतं.

दीड महिन्यानं टपालवाला आला. बलभीम दुकानावर होता, सीताबाई नदीला. लिफाफ्यावर कचेरीनं अर्जावरचाच पत्ता उतरवला होता. टपालवाला जिन्याकडे न बघता खालच्या तीन नंबरासमोर उभा राहिला. "बलभीम कोण?"

"आमचाच," कोंडीराम म्हणाला आणि हात पुढं केला.

लिफाफा त्यानं उघडला. बलभीमची नेमणूक येरमाळ्याच्या शाळेत झाली होती. येत्या सोमवारपर्यंत रुजू व्हावं, नाहीतर जागा दुसऱ्याला. कोंडीरामानं ते तीनदा वाचलं. अशा कागदावर आपलं नाव बघायला त्यानं उमेदीची वर्षं घालवली होती. मग लिफाफा त्यानं जुन्या अर्जांच्या गठ्ठ्यात सारला.

रोज संध्याकाळी बलभीम विचारायचा, "दादा, काही आलं का वो?" कोंडीराम म्हणायचा, "सरकारी काम हाय. येळ लागतो." सोमवारला अजून चार दिवस होते तेव्हा बलभीम वळकटी बांधून खाली आला. आईचं अंग दुखतंय, गावी जातो, नशिबात मास्तरकी दिसत न्हाय, म्हणाला. मग सीताबाईकडं वळून म्हणाला, "वहिनी, वाड्याच्या मालकास्नी बोललोय म्या. माझी खोली तुमास्नी द्या म्हणलं. वर ऊन लई चांगलं हाय, खोकला जाईल तुमचा. याच भाड्यात देतो म्हणले."

सीताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंडीराम खाली मान घालून टाक पुसत राहिला. चार दिवस हातात होते. बेंबळी काही लंकेत नव्हती, निघाला असता तर दिवस मावळायच्या आत पोचला असता. पण वरची खोली मिळाली, ऊन मिळालं, बलभीमही गेला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा. सोमवार आला आणि निघून गेला.

बुधवारी सकाळी सीताबाईनं सामान वर न्यायला काढलं. अर्जांचा गठ्ठा उचलला तसा लिफाफा खाली पडला. सरकारी शिक्का बघून तिचा चेहरा उजळला.

"अगोबाई, तुमचं उत्तर आलं? सांगितलं न्हाय ते! वाचा की, कसं लिव्हलंय."

कोंडीरामाला खोटं बोलायचं होतं. स्वतःचं नाव घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. पण तिच्या तोंडावरचा तो आनंद त्याच्यासाठी होता, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि तो बलभीमच्या कागदावर. त्यानं लिफाफा उजेडात धरला. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो लिफाफ्यावर होतं तेच वाचत गेला. "बलभीम, मकान गुरुसिद्धप्पा, कमरा नंबर तीन, उस्मानाबाद."

सीताबाई वाट बघत राहिली. मग म्हणाली, "आन् बालाखाना?"

कोंडीरामानं लिफाफा पालथा केला.

"वरच्या माणसाच्या पत्त्यात तुमी बालाखाना म्हणता. मकानानंतर. रोज ऐकते म्या. ते कुठंय?"

"ऱ्हायलं," कोंडीराम म्हणाला.

"कवा आलं ह्ये?"

त्यानं सांगितलं. सोमवारचंही सांगितलं. आपला जळफळाट झाला होता, हेसुद्धा सांगितलं, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं. सीताबाई रडली नाही, ओरडली नाही. खोकल्याची उबळ आली ती तिनं भिंतीला धरून काढली. मग जिन्याच्या पायरीवर ठेवलेला पाण्याचा हंडा उचलला आणि परत आत, ओल्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. मागोमाग डबे आणले, जातं ओढत आणलं. कोंडीराम मदतीला उठला तर म्हणाली, "तुमी बसा. तुमचं काम येगळं हाय."

तिनं दौत आणि टाक त्याच्यापुढं ठेवला.

"भावजींना बेंबळीला पत्र लिव्हा. समदं लिव्हा. आन् आपला पत्ता पुरा घाला, कायबी गाळू नका. म्हणजे त्यास्नी कळंल आपण त्यांच्या खोलीत न्हाय गेलो."

कोंडीरामानं टाक बुडवला. वरच्या तीन नंबराचं दार उघडंच राहिलं होतं, आणि तिथलं ऊन जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं होतं.

"मोठ्यानं म्हणा," सीताबाई म्हणाली. "खालचा मजला."