नेहमीच्या चार लाल ओळी

सकाळी कामावर आले, चाचणीचा निकाल उघडला आणि सगळ्या ओळी हिरव्या दिसल्या. तिथेच माझं डोकं फिरलं.

आमचं काम विषबाधेच्या हेल्पलाइनचं. खालच्या मजल्यावर फोन वाजतात. कोणी काय गिळलं, काय प्यायलं, कोणाच्या अंगावर काय सांडलं ते लोक घाबऱ्याघुबऱ्या सांगतात. नर्स त्यांचेच शब्द शोधपट्टीत टाइप करते आणि जे माहितीपत्रक वर येतं ते वाचून काय करायचं ते सांगते. वरच्या मजल्यावर आम्ही. योग्य पत्रक वर यावं, ही आमची जबाबदारी. आमच्याकडे दीडशेच्या आसपास ठरलेले प्रश्न आहेत, सगळे खऱ्या फोनांवरून घेतलेले. प्रत्येकासमोर लिहिलंय, कोणतं पत्रक पहिल्या तीनांत आलंच पाहिजे. शोधात काहीही बदलायचं असलं, म्हणजे शब्दांची फोड करायची पद्धत असो किंवा समानार्थी शब्दांची यादी, तर आधी शोधाच्या वेगळ्या प्रतीवर हे सगळे प्रश्न चालवायचे. ठरलेलं पत्रक आलं तर ओळ हिरवी, नाही तर लाल. नवी लाल ओळ दिसली की बदल थांबला.

यातल्या चार ओळी कायमच्या लाल आहेत. ‘पांढरी पावडर खाल्ली’ हा प्रश्न जगातलं कुठलंच यंत्र सोडवू शकणार नाही. ‘ती निळी बाटली’सुद्धा नाही. तरी आम्ही त्या काढत नाही, कारण लोक तसेच बोलतात. मी रोज त्या चार ओळी बघते आणि मनातल्या मनात शिव्या घालते. आज त्या हिरव्या होत्या.

काल मी रजेवर होते. मुलाच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, आणि नवऱ्याला अर्थातच मीटिंग होती.

आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे ‘हिरवळ’ म्हणतात. पडद्यावर काही लाल दिसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, मग ते कशाचं का असेना. मी त्यांच्या खोलीत गेले. येत्या पाहणी समितीसाठी ते तक्त्यांचे रंग निवडत होते.

“सर, कालचा बदल चाचणीत पास कसा झाला?”

“पास झाला म्हणजे झाला. शंभर टक्के. तुम्ही नसताना झाला, याचं वाईट वाटतंय का?”

“अपेक्षित उत्तरं कोणी बदलली?”

“बदलली नाहीत. टूलनेच विचारलं, निकाल वेगळे आलेत, हेच योग्य मानायचे का? मी हो म्हटलं.”

परीक्षेत पोराने जे लिहिलं तेच आदर्श उत्तरपत्रिकेत बरोबर म्हणून छापायचं, आणि मग पैकीच्या पैकी मार्क द्यायचे. असला माणूस माझा साहेब आहे, याची मला त्या क्षणी लाज वाटली.

“सर, मग ती चाचणी राहिलीच नाही. नवा शोध नव्याच शोधाशी ताडून बघितला.”

“मॅडम, आवाज खाली. बदल सिस्टरनी मागितला होता. तुमच्याच नणंदेने. तुमच्या घरची भांडणं इथे आणू नका.”

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. फोनच्या खोलीची प्रमुख माझी मोठी नणंद आहे. ही नोकरी तिनेच मला लावली, आणि गेली सहा वर्षं ती हे मला विसरू देत नाही. घरी आल्या-गेल्याला ओळख करून देतानाही तिचं पहिलं वाक्य तेच असतं, ‘हिला मी लावली.’ सासूबाईंच्या आजारपणात मी नोकरी सोडली नाही, तेव्हापासून तर आम्ही दोघी कामापुरतंच बोलतो, आणि तेही टोचून. गेल्या महिन्यात तिनेच सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला होता. मुलं सॅनिटायझर चाटतात, आया ‘हाताला लावायचं जेल’ म्हणतात आणि शोधात काहीच येत नाही. वरचे लोक झोपा काढतात का, असं तिने विचारलं होतं.

मी जागेवर आले. अपेक्षित उत्तरांची कालच्या आधीची प्रत परत आणली आणि नवा बदल तिच्यासमोर चालवला. नेहमीच्या चार लाल ओळी परत आल्या. त्यांना पाहून जीवात जीव आला, आणि लगेच गेला. खाली पाचवी लाल ओळ होती.

‘पॉलिशचं स्पिरिट प्यायला.’

या प्रश्नाला मिथेनॉलचं, म्हणजे पॉलिशमधल्या विषारी अल्कोहोलचं, पत्रक पहिल्या तीनांत यायला हवं. ते आठवं आलं होतं. पहिलं होतं सॅनिटायझरचं. कारण शोधायला वेळ लागला नाही. साहेबांनी समानार्थी शब्दांच्या यादीत एकच ओळ घातली होती: सॅनिटायझर, जेल, अल्कोहोल, स्पिरिट. हे चारही शब्द एकच समजा, आणि दोन्ही दिशांनी. स्पिरिट हा शब्द आमच्याकडे मोजक्या पत्रकांत येतो, म्हणून त्याला वजन होतं. आता तो अल्कोहोलइतकाच मामुली झाला. सॅनिटायझरच्या पत्रकात जेल आणि अल्कोहोल ओळीओळीला आहे, त्यामुळे ते उडी मारून वर बसलं.

आणि ती दोन पत्रकं म्हणजे जमीन-अस्मान. सॅनिटायझरचं पत्रक चिमूटभर चाटलेल्या पोराबद्दल आहे: पाणी पाजा, शुद्धीवर असेल तर झोपू द्या, लक्ष ठेवा. मिथेनॉलचं सांगतं, माणूस नुसता प्यायल्यासारखा वाटेल, बरा दिसेल, फसू नका, लगेच रुग्णालयात न्या. वेळ गेली की आधी नजर जाते, मग जीव.

मी परत साहेबांच्या दारात उभी राहिले. “बदल मागे घ्या. नवी लाल ओळ आहे.”

“किती?”

“एक.”

“दीडशेत एक.” ते हसले. “तीही कुठल्या तरी पॉलिशवाल्याची. समितीला काय सांगू, एका ओळीसाठी सुधारणा अडवली? आणि आता काय मागे घेणार, कालच संध्याकाळी चालू केलाय.”

मला वाटलं होतं बदल अजून प्रतीवरच आहे. मी वळले आणि परवानगी न विचारता जुनी यादी लावली. सुदैवाने समानार्थी शब्द आमच्याकडे प्रश्नाच्या बाजूने लागतात, म्हणजे ऐन शोधताना प्रश्नाला जोडले जातात. पत्रकांच्या बाजूने लागत असते तर सगळी मांडणी पुन्हा करण्यात दिवस गेला असता. इथे यादी बदलली, शोध नव्याने सुरू केला आणि झालं. मग शोधपट्टीत कालपासून काय काय टाइप झालं त्याची नोंद उघडली आणि एकच शब्द शोधला, स्पिरिट.

एक सापडला. आज पहाटेचा. ‘नवरा स्पिरिट प्यायला’. आणि नर्सने उघडलेलं पत्रक पहिलंच, सॅनिटायझरचं.

मी जिन्यावरून धावतच खाली गेले. नणंद हेडफोन गळ्यात अडकवून पहाटेच्या पाळीचे कागद चाळत होती. मला बघताच तिने नाक मुरडलं.

“आलीस? माझा बदल एका दिवसात झाला बघ तू नसताना.”

“ताई, पहाटे स्पिरिटचा फोन आला होता. तो कोणी घेतला?”

“का? आता माझ्या मुलींच्या चुका काढायच्यात? वरती बसून?”

“चूक त्यांची नाही. त्यांना वर चुकीचं पत्रक दिसलं. तुमच्या सॅनिटायझरच्या मागणीवरून साहेबांनी स्पिरिट त्यात घातलं, आणि चाचणी झालीच नाही.”

“म्हणजे माझीच चूक. सरळ म्हण की.”

“तुम्हाला काय म्हणायचं ते नंतर म्हणा. आधी हे वाचा.” मी तिच्यासमोर नोंद धरली.

तिने वाचलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. चाचणीतला तो प्रश्न तिनेच दिला होता. तिच्या नोकरीच्या सुरुवातीला एका सुताराच्या बायकोचा असाच फोन तिने घेतला होता. तेव्हा पत्रक सापडायला उशीर झाला आणि सुतार आंधळा झाला. घरी ती हे कधी बोलली नाही, मला दुसऱ्या नर्सकडून कळलं होतं.

तिने पहाटेच्या कागदातून नंबर काढला आणि लावला. स्पीकर चालू केला. रिंग बराच वेळ वाजत राहिली.

“हॅलो?” बाईचा झोपाळू आवाज आला.

“मी हेल्पलाइनवरून बोलतेय. पहाटे तुम्ही फोन केला होतात. तुमचे मिस्टर कुठे आहेत?”

“झोपलेत. तुम्हीच म्हणालात ना झोपू द्या म्हणून. मुलांना पण आवाज करू दिला नाही मी.”

नणंदेने डोळे मिटले. आवाज मात्र हलला नाही.

“त्यांना उठवा. आत्ता. ते काय प्यायले? बाटली बघून सांगा.”

“कामावरचं, लाकडाला लावायचं... अहो उठा... ते म्हणतायत, डोळ्यांपुढे पांढरं पांढरं दिसतंय.”

“पत्ता सांगा. गाडी पाठवते. बाटली बरोबर द्या.”

पुढचं सगळं तिने केलं. रुग्णालयाला तिने स्वतः फोन करून मिथेनॉल आहे असं सांगितलं, म्हणजे तिथे पुन्हा दारुडा समजून कोपऱ्यात झोपवायला नको. मी बाजूला उभी होते. तिने मला बस म्हटलं नाही आणि मी बसले नाही.

दुपारी रुग्णालयातून निरोप आला. औषध वेळेत सुरू झालंय, माणूस जगेल. नजरेचं दोन दिवसांनी कळेल.

त्याच वेळी साहेब खाली उतरले. त्यांनी चौकशीचा सूरच लावला. विचारल्याशिवाय चालू शोधात हात घातला, नोंदी उघडल्या, हे शिस्तीत बसत नाही. समितीपुढे असं काही झालं असतं तर. अशा माणसाला या जागी ठेवायचं की नाही, याचा विचार करावा लागेल.

मी तोंड उघडणार होते, एवढ्यात नणंद उठली.

“हिला मी लावली,” ती म्हणाली. सहा वर्षं ऐकलेलं तेच वाक्य, त्याच खवचट आवाजात. “काढायची असेल तर आधी माझ्याशी बोला. आणि अपेक्षित उत्तरं बदलायची असतील तर खाली येऊन माझी सही घ्या. एकेका ओळीला.”

साहेब जिना चढून गेले.

मी तिला धन्यवाद दिले नाहीत. तिने तशी अपेक्षाही केली नसावी, कारण ती लगेच माझ्याकडे वळली.

“सॅनिटायझरचं माझं काम अजून झालेलं नाही. झोपा काढू नका.”

संध्याकाळपर्यंत मी ते केलं. जेल म्हटलं की सॅनिटायझर शोधायचं, एकाच दिशेने. स्पिरिटला हात लावायचा नाही. ‘हाताला लावायचं जेल चाटलं’ हा नवा प्रश्न यादीत घातला आणि सगळे प्रश्न प्रतीवर चालवले. नवी ओळ हिरवी, स्पिरिट हिरवं, नेहमीच्या चार लाल. मी कागद छापून सहीसाठी खाली नेला.

तिने प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वाचलं. मग पेन घेऊन शेवटी आपल्या हाताने एक प्रश्न लिहिला: ‘नवरा स्पिरिट प्यायला, झोपलाय’. समोर लिहिलं, मिथेनॉल, पहिलं.

“हेही चालव,” ती म्हणाली. “मग सही करते.”