प्रकाश: सात चुका

टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या नवऱ्याने, अंबरीषने, लेकीच्या, मितालीच्या, सराव परीक्षेतल्या चुकांचा तक्ता टेबलावर आपटला. धड्यानुसार चुका: आम्ले दोन, आनुवंशिकता एक, प्रकाश सात.

"प्रकाशाचा सारांश पुन्हा लिही! आधीचा झोपेत लिहिला होतास का?"

चिडून मीच सारांशाची वही उघडली. पहिलीच ओळ: कॉन्केव्ह मिररची फोकल लेंथ प्लस. सातही गणितं तिथेच बिघडली होती.

"मायनस हवी," मी म्हटलं. "आणि हे अक्षर तुझं आहे, अंबरीष. ती वेळ घालवते म्हणून सगळे सारांश तूच लिहून दिलेस ना?"

तो तक्ता उचलायला लागला. मी त्यावर हात ठेवला.

"राहू दे. आता बस आणि लिही. मिताली तपासेल."