मिठाची पोती आणि दहिवर

तुर्भ्याच्या चाळीत पंढरीकाका माझे घरमालक, आणि वेण्णा तलावाच्या खालच्या अंगाला अडीच गुंठे स्ट्रॉबेरीत माझी आई, भिमाबाई, त्यांची मालकीण. या उलटापालटीचा मला फार आनंद होता. तुर्भ्यात नळाची तक्रार केली की काका मला दहा नियम ऐकवायचे. रानात आले की तेच काका पायातल्या चपला हातात घेऊन आईला विचारायचे, "बाय, हितं पाय ठेवू का?"

काकांची भाताची खाचरं आणि त्यांच्या वडिलांचं मिठागर केव्हाच शहरात गेलं होतं. पैसा आला, चाळ उभी राहिली, आणि माणूस सकाळी उठून काय करावं या विचारानं गॅलरीत बसू लागला. मी बाजारात फळांच्या गाळ्यावर कामाला. पेट्यांतली स्ट्रॉबेरी बघून काकांनी हट्ट धरला, मला पिकवायचीय. आईनं रान एक हंगाम अर्धेलीवर, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, दिलं, वर अट घातली. पहिला बहर जगवलात तर पुढल्या वर्षी रान तुमचं, नाहीतर तुर्भ्याला जाऊन खुर्चीवर बसा. काकू, म्हणजे पुतळाबाई, तेव्हापासून शेजारणींना सांगत होत्या की खुर्ची पुसून ठेवलीय.

सत्याण्णवच्या जानेवारीत एका शुक्रवारी सकाळी आईचा वाण्याच्या दुकानातून फोन आला. तो काकांनी घेतला.

"आभाळ साफ हाय, वारं पडलंय. उद्या पहाटं दहिवर गोठणार. फुलं उघडी हायत. डिझेलचे दोन कॅन घेऊन निघा, फवारं चालवायचं हायत."

"दही कोनी लावलाय?" काकांनी विचारलं.

आईनं काय उत्तर दिलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मी समजावलं की दव गोठून बर्फ होतो, त्याला ती दहिवर म्हणते. बर्फ म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. बर्फातलं आपल्याला कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

टेम्पो काकांनी भरून आणला, मी त्यात झोपलो. पोलादपूरचा घाट चढून दुपारी चार वाजता रानात पोचलो, ताडपत्री ओढली, तर खाली जाड्या मिठाची सहा पोती. कॅन नव्हते. त्यांच्या जागेवरच पोती बसली होती.

"बर्फाच्या कारखान्यात बगितलाय मी," काका छाती काढून म्हणाले. "डब्यातला पानी गोठतं, पन भवतालचा खारा पानी गोठत नाय. हौदात मीठ टाकू, फवारू, बर्फ धरनारच नाय. डिझेल हितं मिलंल."

मला हसावं की रडावं कळेना. गावातल्या पंपावर 'डिझेल नाही' अशी पाटी होती. टेम्पोची टाकी घाटानं पिऊन टाकलेली.

आईनं मात्र आवाज चढवला नाही, आणि मला तीच भीती. ती घरात गेली, एक काकडी चिरून आणली, पोत्यातलं चिमूटभर मीठ तिच्यावर टाकलं आणि काकांच्या हातात ताटली दिली. "धरा. मी पान्याचा पंप बघून येते."

ती आली तोवर ताटलीत पाणी जमलं होतं आणि चकत्या लुळ्या पडल्या होत्या.

"कुनी ओढलं पानी?" आईनं विचारलं.

"मिठानं."

"बर्फ बी तेच करतो. शेतकीचं साहेब सांगून गेलंत. पानाच्या आत बारीक बारीक खोल्या असत्यात. बर्फ पयला खोल्यांच्या मधल्या फटीत धरतो आन् आतलं पानी बाहेर ओढतो. खोली चिंबते, भिंत फाटते. ऊन आलं की पान उकडल्यागत लोळतं. झाड थंडीनं न्हाई मरत, तहानेनं मरतं. आन् तुमी तहानेलाच जोडीदार आनलाय."

काका त्या चकत्यांकडे बघत राहिले. आयुष्यात मिठानं त्यांना पहिल्यांदाच दगा दिला होता.

"मग फवारा साध्या पान्याचा?" मी विचारलं.

"गोठताना पानी ऊब सोडतं, म्हनून फूल जगतं. पन बर्फ वितळंस्तोवर फवारा चालू पायजे. मधीच थांबला तर न केल्यापरीस वाईट. पंपात डिझेल हाय दोन तासाचं."

तेवढ्या डिझेलवर तिनं दिवस मावळायच्या आत सऱ्या भिजवून घेतल्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. काकांना हे झटकन समजलं. पाणी कुठं अडवायचं, कुठं सोडायचं, यात त्या माणसाला शिकवायची गरज नव्हती. सऱ्या भरताना ते मला एवढ्या शिव्या देत होते की मला तुर्भ्याची आठवण झाली.

आता ती ऊब झाकून ठेवायला हवी होती. टेम्पोची ताडपत्री चार वाफ्यांना पुरली. बाकीच्यांना काय घालायचं? काकांनी दोन बांध ओलांडून शेजारच्या सुंदराबाईच्या ओसरीकडे पाहिलं. ती एका हॉटेलच्या चादरी धुवायची. चाळीस पांढऱ्याशुभ्र चादरी घडी घालून ठेवलेल्या, शनिवारी दहाला परत द्यायच्या.

"इंद्रजित, त्या दहाला लागनार ना?" काकांनी मला हळूच विचारलं. "बर्फ तर नवालाच वितलंल."

सुंदराबाईला या अंकगणितात खोट सापडली नाही. शिवाय स्ट्रॉबेरीची पहिली पाटी तिला कबूल झाली होती. आम्ही कारवीच्या काठ्या वाकवून वाफ्यांवर कमानी रोवल्या, कारण कापड पानाला टेकलं तर तिथंच गोठतं. कडा मातीनं दाबल्या. शेवटची एक ओळ तशीच उघडी राहिली, कापडच संपलं. काकांनी भाताच्या राबाची, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायची, सवय आठवून तिच्या कडेला ओला पाला पेटवला.

"धुरानं थंडी थांबत न्हाई," आई म्हणाली. "पन करा. मनाला बरं वाटतं."

धूर वाऱ्याअभावी उठेचना. तो सरळ आमच्या नाकात शिरला.

सकाळी सात वाजता सगळं रान पांढरं. चादरी पापडासारख्या कडक झालेल्या. आणि बांधावर हॉटेलचे पंधरावीस पाहुणे कॅमेरे घेऊन उभे. "काय बर्फ पडलाय!" म्हणून उड्या मारत होते. त्यांच्यामागे हॉटेलचे मॅनेजर नंदकुमार. त्यांनी तो बर्फ नीट पाहिला. बर्फाच्या कोपऱ्यावर त्यांच्या हॉटेलचं नाव निळ्या दोऱ्यानं विणलेलं होतं. त्यांनी सुंदराबाईकडे पाहिलं, पाहुण्यांच्या आनंदाकडे पाहिलं, आणि गिळून म्हणाले, "आमच्याकडे दर वर्षी पडतो."

ऊन चढलं. काका कुणाकडेही न बघता चादरींची टोकं उचलत सुटले. आत फुलं ओलसर, टवटवीत. मधला गोंडा पिवळा. दुसरा वाफा पिवळा, तिसरा पिवळा. मग ते उघड्या ओळीपाशी गेले आणि खाली बसले. तिथल्या फुलांच्या पाकळ्या तशाच पांढऱ्या होत्या, पण मधला गोंडा काळा पडला होता. त्या फुलांना आता फळ धरणार नव्हतं.

आई चहा घेऊन गेली.

"किती गेली?"

"सत्तावीस झाडांची." काका म्हणाले. "दोन काठ्या नि माझा धोतर लावला असता तरी वाचली असती."

"आन् वाचली किती?"

काकांनी मान वर केली. डोळे धुरानं लाल होते, निदान धुरानंच म्हणू. "ती कुटं मोजलीत मी?"

आईनं कप त्यांच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पुतळाबाईंना फोन कर. म्हनावं, खुर्ची दुसऱ्या कुनाला द्या."