तिसरी ब मधला मिक्कू

“एकशे चार सेंटिमीटर,” चंदाताईनं सांगितलं आणि वहीत लिहून घेतलं.

नीतूनं वहीत डोकावून मागचे आकडे पाहिले. डिसेंबरात एकशे चार, जानेवारीत एकशे चार, फेब्रुवारीतही तेच. आता मार्च. वाढीच्या तक्त्यावर तिच्या लेकीची, खुशीची रेष दिवाळीपर्यंत चढत आली होती आणि तिथून पुढं धानाच्या शेताच्या बांधासारखी सपाट पडली होती.

“ताई, नीट पाहिलं ना?”

“चाळीस पोट्टे मोजले आज. तुहीच एकटीची चुकवीन का मी?” चंदाताई अंगणवाडी चालवायची, बोलायला रोखठोक, पण मनाची वाईट नव्हती. “हिरव्या पट्ट्यात आहे अजून. वजन वाढून राहिलं. पण डॉक्टरले दाखव एकदा. दाखवाले काय जाते?”

डॉक्टरांनी तक्ता पाहिला, मनगटाचा एक्स-रे काढा म्हणाले. हाडाचं वय किती भरतं ते त्यावरून कळतं. पुढच्या सोमवारी या. नीतू बी.एस्सी. झालेली. त्यामुळं हाडाचं वय म्हणजे काय हे तिला समजलं, आणि समजलं म्हणूनच तिची झोप उडाली. काही न समजणाऱ्या बाईला नुसती भीती वाटते. समजणारीला भीतीचे फाटेही दिसतात.

हे सगळं सांगायचं कोणाला? कुडवा गावातल्या त्या दोन खोल्यांत ती आणि पावणेसहा वर्षांची खुशी, दोघीच. हेमेंद्र सुरतेकडं कापडाच्या गिरणीत. जाऊन वीस महिने झाले होते. फोन रोज यायचा, आठ-दहा मिनिटांचा, मागं यंत्रांचा खडखडाट घेऊन. “पुढच्या महिन्यात येतो,” तो म्हणायचा. हे तो खोटं बोलत नव्हता. प्रत्येक महिन्यात ते त्याला खरंच वाटायचं.

घरमालकीण सुशिलाबाई मात्र रोज संध्याकाळी दारात येऊन उभी राहायची. “आला नाही का वं तुहा नवरा अजून? काऊन येत नाही?” नीतू हसून म्हणायची, “येतील ना मावशी, पुढच्या महिन्यात.” म्हणताना तिला आपलाच आवाज ओळखीचा वाटायचा नाही.

त्या आठवड्यात नीतूनं लेकीवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. आणि तिला एक गोष्ट खटकली. खुशीच्या चपलेत टाच मावत नव्हती. मागच्या पट्ट्यानं कातडं सोलून निघालं होतं, तरी पोरगी म्हणे, “होते ना मले. नवी नको.” होळीला शिवलेला फ्रॉक हट्टानं लांब करून घेतला होता. ज्या मुलीची उंची थांबली तिचे पाय कसे वाढले?

सोमवारच्या आधी ती पुन्हा अंगणवाडीत गेली. चंदाताईला म्हणाली, “एकदा परत मोजा ना. मी आत येत नाही, दारातूनच पाहते.”

खुशी पट्टीला पाठ लावून उभी राहिली. समोरच्या भिंतीवर रंगवलेला एक ससा होता. खुशी त्याच्याकडं टक लावून पाहत होती, आणि पाहता पाहता तिच्या फ्रॉकची किनार हळूच बोटभर खाली उतरली. डोळे सशाच्या कानाच्या टोकाशी आले तशी ती थांबली. फ्रॉकच्या आत गुडघे वाकले होते.

“एकशे चार,” चंदाताई म्हणाली.

घरी आल्यावर नीतूनं आधी लेकीच्या टाचेला खोबरेल तेल लावलं. मग विचारलं, “सशाचा कान कधीपासून पाहतेस?”

खुशीनं पाय ओढून घेतला. मग म्हणाली, “दिवाळीपासून. पापा म्हणले ना फोनवर. एवढीच राह बेटा, मी येतपर्यंत मोठी नको होऊ.”

हे नीतूला आठवत होतं. फोन ठेवल्यावर ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. लाडाचं वाक्य. कोणताही बाप म्हणतो.

“असं कोणाला थांबता येतं का, बेटा?”

“मिक्कूले येते.”

मिक्कू म्हणजे कार्टूनमधला मुलगा. रोज पाच वाजता, सुट्टीला दिवसभर लागायचा, हिंदीतून, जुने भाग आणि नवे भाग सरमिसळ. हे कार्टून सुरू झालं तेव्हा, दोन हजार सात साली, नीतू स्वतः पाचवीत होती, सालेकशाला मामाच्या घरी लोळून बघायची. मिक्कू आठ वर्षांचा, तिसरी ब मध्ये. तेव्हा तो तिला धाकट्या भावासारखा वाटायचा. आता ती अठ्ठावीस वर्षांची झाली आणि मिक्कू आठाचाच, तिसरी ब मध्येच. आणखी पंचवीस-तीस वर्षांनी तो तिच्या नातवाच्या वयाचा असेल.

“त्याचा बड्डे होते,” खुशी बोटांवर मोजत सांगू लागली. “केक कापते. तरी आठचाच. दिवाळी होते, पेपर होतात, पास होते. तरी तिसरी ब. आणि त्याले सगळं आठवते, आई. नाल्यात पडला होता तेही आठवते. तोता उडून गेला तेही. तो विसरत नाही आणि मोठाही होत नाही. मी पण पापाले नाही विसरत.”

“ते चित्र असतं ना, खुशी.”

“मले माहीत आहे चित्र असते,” खुशी चिडून म्हणाली. “पण तो कसा करते?”

आता ह्याला काय म्हणावं? नीतूनं शनिवार-रविवार तेच शोधलं. लेकीला मांडीशी घेऊन कार्टून पाहिलं, जुनं आणि नवं, आणि वहीत टिपत गेली. जुन्या भागात गुंडाळ्या वायरचा फोन, पेटीएवढा टीव्ही. नव्या भागात त्याच बैठकीत बापाच्या हातात मोबाइल, मिक्कूचा अभ्यास पडद्यावर. शेजारची काकू मधल्याच कुठल्याशा भागात राहायला आली, ती तेव्हापासून शेजारीणच राहिली. म्हणजे झालेलं पुसत नव्हते. नाल्यात पडल्याची गोष्ट आठ वेळा निघाली, आणि आठही वेळा मिक्कू म्हणाला, “पिछले साल.” नाल्यात माणूस कोणत्याही वर्षी पडू शकतो. त्या आठवणीच्या गळ्यात साल बांधलेलं नसतं, म्हणून ती बरोबर पुढं सरकते आणि कायम मागच्याच वर्षीची राहते.

तिनं पेन थांबवलं. *कायम मागच्याच वर्षीची.* आणि येणारा महिना कायम पुढचाच.

मग रविवारी संध्याकाळी एक जुना भाग लागला. मिक्कूचा आजोबा पासष्ट वर्षांचा, खाटेवर बसून सांगत होता: देश स्वतंत्र झाला त्या दिवशी मी पाच वर्षांचा होतो. गर्दीत काही दिसेना. बाबानं मला खांद्यावर घेतलं, मग मला झेंडा दिसला.

“हे तर मी कधी पाहिलंच नाही,” खुशी म्हणाली. “आबा हे आता कायले नाही सांगत?”

नीतूनं वहीत मांडून पाहिलं, आणि तिला ते गणित सुटलं. पण सांगावं की नाही, ते सुटेना. सुशिलाबाईच्या अंगणात कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ती नुसती बसून राहिली. मग वही खुशीपुढं धरली.

“हे बघ. हे कार्टून लिहिणारे सगळ्यांची वयं खिळ्यानं ठोकून ठेवतात. मिक्कू आठ, बाप छत्तीस, आबा पासष्ट. पण कॅलेंडर नाही ठोकता येत, ते चालतच राहते. मी पाचवीत होते तेव्हा आबा पासष्टचा, म्हणजे स्वातंत्र्याच्या दिवशी बरोबर पाच वर्षांचा. आजही तो पासष्टचाच आहे. मग त्याचा जन्म कधी झाला असेल?”

खुशी आकड्यांकडं बघत राहिली.

“एकोणीसशे साठात. झेंडा लागला त्याच्या तेरा वर्षांनंतर. तेव्हा तो जन्मलाच नव्हता. मग तो बाबाच्या खांद्यावर कसा बसेल?”

“पण बसला होता ना. आत्ता तर सांगितलं त्यानं.”

“त्या भागात बसला होता. नंतर ती गोष्ट बसेना, म्हणून काढून टाकली. आता तो भारतानं त्र्याऐंशीत वर्ल्ड कप जिंकला त्या दिवशीचं सांगतो, तेवीस वर्षांचा होता म्हणतो. आबा तोच, चष्मा तोच, खाट तीच. पण मिक्कूला आठाचं ठेवायचं तर मागच्या सगळ्यांना पुढं ओढावं लागते. ओढता ओढता ज्या दिवसाला साल बांधलं आहे, तो दिवस तुटून खाली पडतो.”

टीव्हीवर जाहिराती चालल्या होत्या.

“हाजरा फॉलले, त्या धबधब्यापाशी,” खुशी म्हणाली, “पापानं मले खांद्यावर घेतलं होतं.”

“हो.”

“तेव्हा मी किती वर्षांची होती?”

“चार पूर्ण. तिसऱ्या दिवशी पापा गाडीत बसले.”

“मग मी एवढीच राहिली तर तो दिवस पडून जाईन?”

नीतूला खरं तर म्हणता आलं असतं, नाही गं वेडे, माणसांचं असं नसतं. पण लेकीच्या सोललेल्या टाचेकडं पाहून ती म्हणाली, “तो दिवस तुझ्या चौथ्या वर्षाला बांधला आहे. तो तिथं राहायला हवा तर तुला त्याच्यापासून दूर जावं लागंन.”

खुशी उठली आणि दाराच्या चौकटीशी गेली. तिथं सुताराच्या जाड पेन्सिलीची एक रेघ होती, हेमेंद्रनं निघायच्या सकाळी ओढलेली. ती पाहून सुशिलाबाईनं तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. खुशी चौकटीला पाठ लावून उभी राहिली. गुडघे ताठ केले. समोर ससा नव्हता, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

नीतूनं डोक्यावर वही आडवी धरली आणि रेघ ओढली. मग टेप लावला. एकशे सहा. जुन्या रेघेच्या वर चार बोटांहून जास्त जागा. तिनं त्या जागेवर तळहात ठेवून पाहिला. एवढी पोरगी बापानं पाहिलीच नव्हती.

रात्रीच्या पाळीला जाण्याआधी हेमेंद्रचा फोन आला. नीतूनं दोन्ही रेघांचा फोटो पाठवला होता.

“एवढी झाली?” तो म्हणाला. मागचा खडखडाट तेवढा ऐकू येत राहिला. “अगं, सांग तिले, इतक्या लवकर...”

“नका म्हणू तसं,” नीतू म्हणाली. “ती ऐकते तुमचं.”

“मी पुढच्या महिन्यात...”

“तारीख सांगा.”

तिनं वाट पाहिली. मग तो म्हणाला, “साहेबाले विचारून सांगतो,” आणि पाळीचा भोंगा वाजला.

सोमवारी एक्स-रे काढायला जायचं कारण उरलं नाही. दोघी चपलेच्या दुकानात गेल्या. घरी आल्यावरही खुशीनं नव्या चपला काढल्या नाहीत. तशीच ती खुर्ची ओढत चौकटीशी घेऊन गेली.

“आता तू उभी राह.”

“मी कायला?”

“राह ना, आई.”

नीतू उभी राहिली. खुर्चीवर चढून खुशीनं तिच्या डोक्यावर वही टेकवली आणि रेघ ओढली. मग खाली उतरून दूर गेली, आणि तिथून वर पाहत राहिली.

“पापानं तुही काढली नव्हती का?”

“नाही.”

“मग कसं कळंन तू किती झाली ते?”

दारात सुशिलाबाईची सावली पडली. “पुन्हा रेघोट्या? माहं दार आहे का पाटी?” नवऱ्याचं तिनं आज विचारलं नाही. रेघांकडं पाहिलं, नीतूकडं पाहिलं, आणि पदर सावरत आपल्या घराकडं वळली.

नीतूनं पेन्सिल घेतली आणि तिन्ही रेघांशेजारी तारखा लिहिल्या. पाच वाजले होते. खुशीनं टीव्ही लावला. आत तिसरी ब ची घंटा वाजत होती.