ट्रॅशमध्ये हलवा

योगिताचा साखरपुडा मोडला, आणि तो मोडल्याच्या आठव्या दिवशी आप्पाराव तेलगावच्या चौकातल्या शिवकन्याच्या फोटो स्टुडिओत जाऊन बसले.

साखरपुडा मोडला तो त्यांनीच मोडला होता, आणि मोडला ते बरंच केलं होतं. पोरगा तलाठी आहे असं मधल्या माणसानं सांगितलं होतं. आप्पारावांनी ते ऐकलं आणि पाच गावांत सांगून टाकलं. पंचायत समितीची एक टर्म केलेला माणूस, बोलायची सवय. साखरपुड्यात माईक हातात घेऊनही ते दोनदा म्हणाले, "आमचे जावई तलाठी." पुढं कळलं की पोरगा तलाठ्याची परीक्षा तीनदा देऊन बसलाय आणि चौथ्यांदा देणार आहे. पोरगं खोटं निघाल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख त्या दोन वाक्यांचं होतं. वाक्यं आता परत घेता येत नव्हती. फोटो तरी परत घेता येतील असं त्यांना वाटलं.

"शिवकन्या, समदे फोटो काढून टाक," ते खुर्चीत बसत म्हणाले. "एक बी राहाता कामा न्हाई."

शिवकन्या आणि तिचा नवरा सत्यम दोघं मिळून स्टुडिओ चालवायचे. सत्यम शूटिंगला जायचा, ही फोटो निवडायची, अल्बम लावायची. तिनं एकदा आप्पांकडं पाहिलं, कारण विचारलं नाही. गावात कुणालाच विचारायची गरज राहिली नव्हती.

"टाकते की आप्पा. सहाशे बारा फोटो हायेत. आख्खं फोल्डरच उडवते."

"आख्खं नको. आधी ते अंगठीचे. माज्यासमोर, एकेक. आन् ते इंग्रजीत काय लिहिलेलं असतंय ते मला कळत न्हाई. मराठीत कर."

शिवकन्यानं भाषा मराठी केली. मग तिनं क्लाउडवरचं फोल्डर उघडलं. योगिता आणि तो पोरगा जोडीनं असलेले चौतीस फोटो निघाले. ती एकेक फोटो मोठा करून दाखवायची, वर कोपऱ्यातले तीन ठिपके दाबायची, यादी उघडायची. यादीत लिहिलेलं असायचं: ट्रॅशमध्ये हलवा.

"थांब!" आप्पाराव म्हणायचे, आणि आपला मोबाईल पुढं करून त्या पडद्याचा फोटो काढायचे. "हां, आता दाब."

"आप्पा, ह्याचा फोटो कावून काढताव?"

"पुरावा. उद्या कुणी म्हणलं आप्पारावाच्या पोरीचे फोटो हायेत, तर दाखवायला नको? बघा, म्हणावं, कसे एकेक मोजून काढले."

शिवकन्या काहीतरी बोलायला गेली. "पण आप्पा, तुमच्या मोबाईलमदी..." तेवढ्यात आप्पारावांनी हात वर केला. पंचायत समितीत सभापतीला गप्प करायला वर करायचे तोच हात. तिनं पुढचा फोटो उघडला. चौतीसच्या चौतीस वेळा हेच झालं. मग उरलेलं फोल्डर तिनं एका दमात ट्रॅशमध्ये टाकलं.

"झालं?"

"अजून न्हाई. ट्रॅश म्हंजी कचऱ्याचा डबा. डब्यात टाकलं म्हंजी गेलं असं न्हाई, तीस दिवस तिथंच पडून राहातंय. कुणी बी उचलून परत ठिवू शकतंय." तिनं ट्रॅश उघडून दाखवला. सगळा साखरपुडा तिथं बारीक बारीक चौकोनांत बसलेला होता. तिनं डबा रिकामा केला. कायमचे हटवायचे का, असं संगणकानं विचारलं. आप्पारावांनी मान हलवली, जणू त्यांनाच विचारलं होतं.

स्टुडिओतल्या संगणकावर तेच फोल्डर क्लाउडला जोडलेलं होतं. तिथूनही ते आपोआप गेलं होतं. तिनं संगणकाचा स्वतःचा कचऱ्याचा डबाही उघडून पाहिला आणि तोही झाडला. हार्ड डिस्क मात्र कशालाच जोडलेली नव्हती. ती कपाटातून काढून तिनं वेगळी साफ केली. कॅमेऱ्यातलं कार्ड तर त्यानंतरच्या तीन लग्नांत तीनदा पुसून झालं होतं.

"आन् सत्यमचा लॅपटॉप?" आप्पारावांना आता चव लागली होती.

सत्यम पालीला शूटिंगला गेला होता, तो दुपारी परत आला. त्याच्या बॅगेतून लॅपटॉप काढून उघडला, तर साखरपुड्याचं फोल्डर जागच्या जागी.

"हे बघ!" आप्पाराव टुणकन उठले. "म्हणं समदं गेलं! हे काय मग?"

"आप्पा, ह्याला सकाळपासनं नेटच न्हाई. तिकडं काय झालं ते ह्याला ठावंच न्हाई." शिवकन्यानं आपल्या मोबाईलचं नेट त्याला जोडलं. "आता बघा."

तिघं पडद्याकडं बघत बसले. मिनिट गेलं, दीड गेलं. आणि मग कुणीही हात न लावता फोल्डर नाहीसं झालं. आप्पारावांनी इतकं समाधान कारखान्याची निवडणूक जिंकल्यावरसुद्धा दाखवलं नव्हतं.

"लिंक पाठवलेली व्हती दोन्ही घरी," शिवकन्या म्हणाली. "ती बी आता उघडणार न्हाई. पण ज्यानं आधीच आपल्या मोबाईलमदी उतरवून घेतले असतील, ते माज्या हातात न्हाईत आप्पा. आन् आठशे माणूस जेवलंय. त्यांनी काढलेले तर..."

"ते मी बघतो," आप्पाराव म्हणाले. ते कसं बघणार होते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांनी कडा गावचं स्थळ आलं. पोराचं नाव बजरंग, जनावरांचा डॉक्टर. ह्या वेळी आप्पारावांनी स्वतः जाऊन दवाखान्यातली त्याच्या नावाची पाटी वाचली होती. पोराचे वडील गहिनीनाथ, आई विमलबाई. पाहुणे रविवारी येणार ठरलं. आधीच्या साखरपुड्याचा विषय काढायचा नाही, असं आप्पारावांनी घरात बजावलं. "विषयच न्हाई तर काढणार काय?" ते म्हणाले. "त्याचा एक फोटो ऱ्हायला न्हाई."

पुण्याहून थोरला पोरगा परमेश्वर शुक्रवारीच आला, आणि येताना भिंतभर टीव्ही घेऊन आला. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून त्यानं तो बैठकीत लावला, नेटला जोडला आणि वडिलांचं खातं त्यात घातलं. "टीव्ही मोकळा असला की आपोआप घरचे फोटो दाखवंल," तो म्हणाला. "योगीचा चेहरा त्याला वळखू येतोय. आप्पांच्या मोबाईलमदले तिचे समदे फोटो तो आपल्या आपण घेतंय." आप्पारावांना हे फार आवडलं. पोरीचे फोटो भिंतीवर, तेही यंत्रानं निवडलेले.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, चहा आला. उसाच्या भावावर बोलणं झालं, पावसावर झालं. बातम्या चालू होत्या, त्या योगिताच्या आईनं, वच्छलाबाईंनी, बंद करायला लावल्या. थोड्या वेळानं टीव्हीवर योगिता दिसू लागली. शाळेच्या गणवेशातली. मग पदवीच्या झग्यातली. मग शेळीचं करडू कडेवर घेतलेली.

"लेक गुणाची हाय," विमलबाई म्हणाल्या.

मग टीव्हीवर योगिता हिरव्या शालूत आली. तिच्या बोटात एक अनोळखी पोरगा अंगठी घालत होता. फोटो जरा वाकडा होता, कडेला काळी चौकट होती, आणि पोराच्या कानाजवळ एक यादी उघडलेली होती.

गहिनीनाथांनी चष्मा वर सरकवला आणि मोठ्यानं वाचलं. "ट्रॅशमध्ये... हलवा."

टीव्हीनं पुढचा फोटो लावला. तोच शालू, तोच पोरगा, तीच यादी. परमेश्वर रिमोट शोधू लागला. रिमोट कुठल्या तरी उशीखाली गेला होता. तिसरा फोटो आला. चौथ्याला आप्पाराव स्वतः उठले आणि त्यांनी भिंतीवरची सगळीच बटणं बंद केली. पंखाही बंद पडला.

"त्या शिवकन्यानं घात केला!" ते म्हणाले. आवाज फाटला होता. "मी स्वतः बसून समदे काढून घेतलते. तिनं ठिवलेच!"

त्यांनी तिथंच, पाहुण्यांसमोर, तिला फोन लावला. परमेश्वरनं डोकं चालवून फोन स्पीकरवर टाकायला नको होता, पण टाकला.

"आप्पा, त्या फोटोच्या कडंला काळी चौकट हाय का?" शिवकन्यानं शांतपणे विचारलं.

"हाय. मग?"

"ती माज्या संगणकाची हाय. फोटो माजा न्हाई आप्पा, तुमचा हाय. तुमी पुरावा काढलता ना, चौतीस? तुमचा मोबाईल काढलेला हरेक फोटो क्लाउडवर चढवतोय. माज्याकडं एक बी न्हाई. आता स्टुडिओतले ते अंगठीचे फोटो ऱ्हायले आसतील तर तुमच्याकडंच."

आप्पारावांनी फोन ठेवला. हसण्याचा पहिला आवाज कुणाचा होता ते पुढं कळलं नाही, पण तो कड्याच्या बाजूनं आला होता. बजरंग मान खाली घालून हसत होता आणि त्याची आई त्याच्या मांडीवर चापट मारत होती.

"आप्पाराव," गहिनीनाथ शेवटी म्हणाले, "तुमच्या साखरपुड्याला माजा साडू जेवला. दोन वेळा जिलबी घेतली म्हणं. आमाला समदं ठावं हाय. तुमी कदी सांगताव ह्याची वाट बघत व्हतो."

"मग... बोलला न्हाईत?"

"तुमची पोर. तुमी सांगायचं का आमी?"

आप्पाराव पंख्याचं बटण चालू करायला उठले, आणि टीव्हीचं चालू होऊ नये म्हणून बराच वेळ बोर्डासमोरच उभे राहिले.

पाहुण्यांनी जाताना स्थळ पसंत असल्याचं सांगितलं. पण पुढची बैठक कड्याला, आणि तिथं दोन्हीकडचं सगळं उघड बोलायचं, अशी अट गहिनीनाथांनी घातली. आप्पारावांनी मान्य केलं. त्या दिवशी ते काहीही मान्य करत होते.

उन्हं कलली तेव्हा ओट्यावर ते मोबाईल घेऊन बसले. चौतीसातले सात निवडून झाले की आठव्याला पहिले सुटायचे. योगिता आली आणि तिनं मोबाईल काढून घेतला. तिनं चौतीस फोटो एका ओढीत निवडले, हटवले, मग ट्रॅशमध्ये जाऊन तो रिकामा केला. आतून आईचा जुना मोबाईल आणला. त्यातही आप्पांचंच खातं होतं. तिथून फोटो गेले का ते पाहिलं. गेले होते.

"त्या पोराला," आप्पाराव हळूच म्हणाले, "बजरंगला, तू काय म्हणणार आता?"

"मी त्याला पैल्या फोनवरच सांगितलं. समदं. तलाठ्याचं बी."

"मला कावून बोलली न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?" योगितानं मोबाईल त्यांच्या हातात दिला. "साखरपुडा मोडला त्याच्या आठव्या दिशी तुमी शिवकन्याताईकडं गेलता. चांगले चार तास बसलता. माज्याकडं न्हाई आलात."

ती आत गेली. आप्पाराव उठले, चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात, जिथं ते सहसा जात नसत, पाट ओढून तिच्यासमोर बसले. काय विचारायचं ते त्यांना अजून सुचत नव्हतं. योगितानं त्यांच्यापुढं सोलायला लसूण सरकवला.