झाकणाच्या आतला मासा

लिलाव कंपनीनं तपासायला पाठवलेले एका जुन्या मनगटी घड्याळाचे फोटो ती पडद्यावर मोठे करून बघत होती. शेजारी बाबा चहा फुंकत बसले होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण आता नजर अधू झालेली.

"डायलवरची अक्षरं कडेला फुटलीत," ती म्हणाली. "मिनिटांच्या रेघाही आकड्यांशी जुळत नाहीत. चावीवरचं चिन्ह तर उथळ, कडा गुळगुळीत. घड्याळ नकली आहे, बाबा."

"नुसत्या तोंडावरून निकाल देऊ नकोस. मागचं झाकण आतून बघ. डायल कुणीतरी नंतर रंगवली असेल, चावीही बदलली असेल. असल्या रंगाऱ्यांचे हातच कलम करायला हवेत. चांगल्या घड्याळाची माती करतात."

तिनं मालकाकडून झाकणाच्या आतला फोटो मागवला. कारखान्याचा ठसा खोल आणि रेखीव होता, क्रमांकही ठशाच्याच काळातला. म्हणजे घड्याळ अस्सल होतं, डायल आणि चावी तेवढी नंतरची. बाबांचंच बरोबर निघालं.

ठशाखाली सुईनं कोरलेली बारीक खूण होती. घड्याळ उघडणारा कारागीर आपली खूण अशीच आत ठेवतो. ही खूण तिनं लहानपणापासून पाहिली होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आत मासा कोरलाय. तुमचा."

बाबांनी कप खाली ठेवला.

मग म्हणाले, "अक्षरं फारच फुटलीत का गं?"