आलं ९/५

दुकान जळाल्याच्या विसाव्या दिवशी विश्वास टेंबे यांना विमा सर्व्हेअरचा हिशोब हातात मिळाला, आणि त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर इतक्या जोरात आपटला की वरणाची वाटी कलंडली.

नेहरू नगरात त्यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. तेवीस वर्षं. चौदा मेच्या पहाटे मीटरच्या पेटीत शॉर्ट सर्किट झालं आणि पुढचा सगळा गाळा गेला. मागची कोठी भिंतीआड होती, तिथले गठ्ठे धुराच्या वासावर निभावले. मालाचं रजिस्टर काउंटरमध्येच होतं, ते राख झालं. बिलबुकं मात्र घरी होती. त्यांची बायको कांचन रोज संध्याकाळी बिलबुकं पिशवीत घालून घरी आणायची. कांचन जानेवारीत गेली, तरी विश्वासरावांनी ती रीत मोडली नव्हती. त्या बिलबुकांवरच आता सगळं अडलं होतं.

सर्व्हेअर होता निनाद पुराणिक. इंदूरचा मुलगा, पस्तिशीचा, बोलायला मऊ. विश्वासरावांच्या कोटऱ्यातल्या घरी तो दोनदा येऊन गेला होता. रजिस्टर जळलं तर काय करायचं, हे त्याने पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं. एकतीस मार्चला दुकानात किती माल होता ते ताळेबंदात आहे: सात लाख. त्यानंतर आगीपर्यंत किती घेतला ते व्यापाऱ्यांच्या बिलांवरून कळतं: चौदा लाख. विकला किती ते बिलबुकावरून: बारा लाख. विक्रीत नफा मिसळलेला असतो, तो काढायचा. तीन वर्षांचे हिशोब पाहिले तर नफा दरवर्षी विक्रीच्या पंचवीस टक्के. म्हणजे बारा लाखांच्या विक्रीत माल गेला नऊ लाखांचा. सात आणि चौदा एकवीस, वजा नऊ, बारा. आगीच्या दिवशी दुकानात बारा लाखांचा माल. कोठीतला तीन लाखांचा वाचला. नुकसान नऊ लाख.

"नऊ लाख," विश्वासराव मुलीला म्हणाले. "माझे तीन लाखांचे शर्ट-पँट हा माणूस गिळून बसला, मंजूषा."

मंजूषा सरकारी कारखान्यात कारकून होती, नवऱ्याबरोबर आनंद नगरला राहायची. बापाच्या रागाची तिला आता सवय होत होती. आई गेल्यापासून ते दूधवाल्यावर चिडायचे, लिफ्टवर चिडायचे, टीव्हीतल्या बातम्यांवर चिडायचे. पण आजचा राग निराळा होता. आजच्या रागात आकडे होते.

तीन लाखांचं प्रकरण असं होतं. एप्रिलमध्ये आनंद नगरच्या एका खाजगी शाळेने चार लाखांचे गणवेश जांगड मागितले. जांगड म्हणजे माल न्यायचा, खपेल तेवढ्याचे पैसे द्यायचे, उरलेला परत करायचा. कांचन जांगडीची लाल वही वेगळी ठेवायची, बिल कधीच फाडायची नाही. ती वही विश्वासरावांना सापडली नाही. त्यांनी सरळ बिलबुकातलं बिल फाडलं आणि कोपऱ्यात 'जां.' लिहिलं. शाळेत विक्री व्हायच्या आदल्या दिवशीच आवारात गणवेश विकायला मनाई झाली, आणि नऊ मेला सगळा माल टेम्पोने जसाच्या तसा परत आला. कांचन माल परत आला की चिठ्ठीवर तिरकी रेघ मारून 'आलं' लिहायची. विश्वासरावांनीही बिलाच्या स्थळप्रतीवर रेघ मारली आणि लिहिलं, 'आलं ९/५'. पाच दिवसांनी तो माल पुढच्या गाळ्यात जळाला. विक्रीच्या भावाने चार लाख, मूळ खरेदीने तीन.

निनादने 'आलं'चा अर्थ पैसे आले असा घेतला होता. बारा लाखांच्या विक्रीत ते चार लाख धरले होते.

विश्वासरावांनी तिथूनच फोन लावला. निनाद शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, मराठी मलाही येतं. बिलावर आलं लिहिलं तर कोणीही पैसेच समजेल."

"बँकेत आले का पैसे? बघितलंत ना पासबुक?"

"नाही आले. म्हणून मी रोखीत धरले."

"म्हणजे मी चार लाख रोख घेऊन खिशात घातले, आणि वर तोच माल जळाला म्हणून तुमच्याकडे मागतोय?"

निनादने ते खोडलं नाही, आणि विश्वासरावांना ते शिवीसारखं लागलं. मग तो म्हणाला की माल परत घेतला तर क्रेडिट नोट काढायची असते, ती कुठे आहे? विश्वासरावांना क्रेडिट नोट माहीत नव्हती. त्या गोष्टी कांचन बघायची. ते तसं बोलले नाहीत. माणूस मेला की त्याच्या नावावर सगळं खपवतात, हे त्यांनी दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं.

"पुरावा आणा, मी आकडा बदलतो," निनाद म्हणाला. "मला तुमच्याशी वैर नाही."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. सुट्ट्या होत्या. हेडक्लार्कने तोंडी सगळं कबूल केलं आणि लिहून द्यायला साफ नकार दिला. मनाईच्या भानगडीत शाळेचं नाव कागदावर नको, म्हणे. विश्वासरावांनी त्याला त्याच्याच कार्यालयात, पंख्याखाली उभं राहून, दहा मिनिटं सुनावलं. शिपाई दारात जमले. उपयोग शून्य.

बाहेर फाटकाजवळ चौकीदार केशव बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो हिंदीत म्हणाला, बाबूजी, आत कशाला भांडता, गाडी तर माझ्या फाटकातून गेली. आणि त्याने फाटकाचं रजिस्टर उघडलं. नऊ मे, दुपारी सव्वातीन, टेम्पोचा नंबर, 'ड्रेस ४२ गठ्ठे वापस, टेंबे', खाली टेम्पोवाल्याची सही. विश्वासरावांनी फोटो काढला. एकदा नाही, तीनदा काढला. त्यांनी केशवला शंभर रुपये दिले, त्याने ते घेतले नाहीत. त्याचाही त्यांना राग आला.

फोटो, पासबुकाची प्रत, टेम्पोवाल्याचं लेखी निवेदन आणि 'जां.' लिहिलेली स्थळप्रत घेऊन सोमवारी ते निनादच्या कार्यालयात पोचले. मंजूषा रजा घेऊन स्कूटरवर सोडायला आली होती, ती गाडी लावायला खाली थांबली.

निनादने एकेक कागद वाचला. शाळेत स्वतः फोन करून चौकीदाराशी बोलला. टेम्पोचा नंबर ताडून पाहिला. मग कागद नीट लावून ठेवले आणि म्हणाला, "मान्य. माझं चुकलं, काका. माल आला होता."

विश्वासराव खुर्चीत मागे टेकले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

निनादने कोरा कागद ओढला आणि पुन्हा मांडणी केली. विक्री बारा नाही, आठ लाख. त्यातला माल सहा लाखांचा. एकवीस वजा सहा, पंधरा. दुकानात पंधरा लाखांचा माल होता. वाचला तीन लाखांचा. जळाला बारा लाखांचा.

"बारा," विश्वासराव म्हणाले. "हेच मी ओरडून सांगत होतो."

"नुकसान बारा. पण भरपाई बारा नाही." निनादने पेन खाली ठेवलं नाही. "तुमची पॉलिसी बारा लाखांची आहे. माल होता पंधराचा. पंधरा टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर कंपनी सोडून देते, तुमचा वीस टक्के कमी आहे. मग सरासरीचं कलम लागतं. पंधरातल्या बाराचाच विमा, म्हणून नुकसानाचेही पंधरातले बारा भागच मिळतात. बारा लाख गुणिले बारा भागिले पंधरा. नऊ लाख साठ हजार. त्यातून ठरलेली पाच हजारांची वजावट."

विश्वासरावांनी कागद आपल्याकडे ओढला. दोनदा गुणाकार केला.

"तीन लाखांचा माल तुम्ही मान्य केलात आणि मला साठ हजारच वाढवून देताय?"

"कलमच तसं आहे."

"हे कलम लिहिणाऱ्याचं दुकान कधी जळलं होतं का?"

"पॉलिसी बाराची होती म्हणून बाराचाच हप्ता भरलात, काका. बाकीच्या तीन लाखांची जोखीम तुमची स्वतःची होती."

विश्वासराव उभे राहिले. ते खूप बोलले. हप्ते तेवीस वर्षं वेळेवर भरले, एकदाही दावा केला नाही, त्याचं काय, असं विचारलं. आधी चोर ठरवता आणि मग भागाकार करून मारता, असंही म्हणाले. शेजारच्या खोलीतली टायपिंगची टकटक थांबली. निनादने मध्ये अडवलं नाही. त्यांचा दम संपला तेव्हा त्याने जुन्या पॉलिसींची फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

"मलाच एक कळत नाही," तो म्हणाला. "मागच्या सहाही वर्षांत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रक्कम बाराची अठरा करून घेतलेली आहे. सीझनचा माल भरायच्या आधी. प्रत्येक वेळी कांचन टेंबेंची सही. यंदा तेवढीच नाही. अठरा असती तर मी आज बाराच्या बारा लाख लिहून दिले असते, वजावट सोडून. यंदा का नाही केलं?"

विश्वासराव बसले. फाइलमधल्या सह्या त्यांनी पाहिल्या. सहा सह्या, सगळ्या एकसारख्या, शेवटी छोटा ठिपका.

त्यांना एजंटचा फोन आठवला. एप्रिलच्या सुरुवातीला, सकाळी, कांचनच्या मोबाइलवर. तो त्यांनी बंद केला नव्हता, रोज चार्ज करत होते. पलीकडचा माणूस हसत म्हणाला होता, "वहिनी, सीझन आला, यंदा किती करायचे?" त्याला कोणी कळवलंच नव्हतं. विश्वासराव म्हणाले होते, त्या नाहीत आता, पुन्हा या नंबरवर फोन करू नका. आणि फोन कापला होता. एजंटने ऐकलं. केला नाही.

"राहून गेलं," ते निनादला म्हणाले.

संमतीपत्रावर त्यांनी सही केली. सही नीट आली नाही, निनादने दुसरी प्रत पुढे केली, तीवर पुन्हा केली. चहा नको म्हणाले. नमस्कार न करता खाली उतरले.

मंजूषा स्कूटरपाशी उन्हात उभी होती. "मानलं का त्याने?"

"मानलं. नऊ पंचावन्न मिळतील."

"बारा म्हणत होतात ना तुम्ही?" तिचा चेहरा तापला. "चला वर. मी बोलते त्याच्याशी. समजतो कोण स्वतःला?"

ती जिन्याकडे निघालीसुद्धा. विश्वासरावांनी तिचं मनगट धरलं, जरा जास्तच जोरात.

"त्याचा हिशोब बरोबर आहे," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये विमा वाढवायला फोन आला होता. तुझ्या आईच्या नंबरवर. मी कापला."

मंजूषाने हात सोडवून घेतला. मनगट चोळत ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिने स्कूटर स्टँडवरून काढली, चालू केली, आणि ते मागे बसेपर्यंत पुढे बघत थांबून राहिली.